कबुतरखान्याच्या तत्त्वाची सिद्धता तपासताना: वस्तू कोणत्या, कप्पे कोणते?

कप्प्यांपेक्षा वस्तू जास्त असतील, तर कुठल्या तरी एका कप्प्यात किमान दोन वस्तू येणारच. कबुतरखान्याचं तत्त्व म्हणजे एवढंच. पिजनहोल प्रिन्सिपल म्हणा, नाहीतर जर्मन गणितज्ञ डिरिक्ले यांच्या नावानं ओळखा, त्यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. तरीही गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्या बघताना लाल शाई सगळ्यांत जास्त खर्च होते ती याच प्रकारच्या उत्तरांवर. 'म्हणून कबुतरखान्याच्या तत्त्वानुसार सिद्ध झालं' ही शेवटची ओळ मोठ्या ठसक्यात येते, आणि वर बघावं तर वस्तू कोणत्या आणि कप्पे कोणते हेच कुठे धड लिहिलेलं नसतं.

अशी सिद्धता समोर आली, मग ती तुमची असो, मित्राची असो की क्लासच्या नोट्समधली, तर ती कोणत्या क्रमानं तपासायची ते इथे सांगतो. बराचसा वेळ आपण एकाच उदाहरणाभोवती फिरणार आहोत: १ ते १०० मधून कोणत्याही ५१ वेगवेगळ्या संख्या निवडल्या, तर त्यांत काय काय सापडलंच पाहिजे? उदाहरण जुनं आहे, पण वस्तू त्याच ठेवून कप्पे बदलले की काय होतं ते इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

जवळ एवढं ठेवा:

- प्रश्नाचं विधान, शब्द न् शब्द. 'किमान', 'जास्तीत जास्त', 'पेक्षा कमी', 'वेगवेगळ्या' हे शब्द अधोरेखित करून.
- तपासायची सिद्धता.
- १ ते १०० चा चौकटींचा तक्ता, पेन्सिल आणि खोडरबर.

पायरी १. सिद्धतेचा चार ओळींत गोषवारा लिहा

सिद्धता कितीही लांब असली तरी तिच्यातून चारच गोष्टी काढायच्या. कागदावर असं लिहा:

- वस्तू: काय, आणि किती?
- कप्पे: काय, आणि किती?
- नियम: एखादी वस्तू कोणत्या कप्प्यात जाते?
- हमी: एकाच कप्प्यातल्या दोन वस्तूंबद्दल आपल्याला काय म्हणता येतं?

एक भरून दाखवतो. विधान असं: ५१ संख्यांमध्ये अशा दोन सापडतातच, की ज्यांची बेरीज १०१ आहे. वस्तू म्हणजे निवडलेल्या ५१ संख्या. कप्पे म्हणजे (१, १००), (२, ९९), (३, ९८) अशा जोड्या, शेवटची (५०, ५१), एकूण ५०. नियम असा की संख्या ज्या जोडीत असेल त्या कप्प्यात जाते. हमी अशी की एका कप्प्यात दोन वेगळ्या संख्या आल्या तर त्यांची बेरीज १०१ आहे. चारही ओळी भरल्या, ५१ हे ५० पेक्षा मोठं आहे, काम झालं.

यातली एखादी ओळ तुम्हाला स्वतःच्या मनानं भरावी लागली, तर तिथे खूण करा. लिहिणाऱ्यानं ती मनात धरली असेल किंवा धरलीच नसेल. सगळ्यांत जास्त वेळा गायब असते ती 'नियम' ही ओळ. 'संख्यांचे ५० गट करू' असं लिहिलेलं असतं, पण ३७ कोणत्या गटात जाईल ते विचारलं की गप्प.

पायरी २. मोजणीआधी हमी तपासा

नवशिके आधी आकडे बघतात: ५१ वस्तू, ५० कप्पे, बरोबर! आकडे नंतर बघा. आधी एकच प्रश्न विचारा: एका कप्प्यातल्या *कोणत्याही* दोन वस्तू उचलल्या, तर प्रश्नात मागितलेली गोष्ट खरी होते का?

आता विधान बदलू. ५१ संख्यांमध्ये अशा दोन सापडतातच, की एकीनं दुसरीला निःशेष भाग जातो. वस्तू त्याच ५१. कप्पे कोणते?

पहिला सुचणारा मार्ग म्हणजे पाढे. २ च्या पाढ्यातल्या संख्या एका कप्प्यात, ३ च्या पाढ्यातल्या दुसऱ्या, ५ च्या तिसऱ्या, असं करत १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांचे २५ कप्पे आणि १ साठी एक वेगळा. म्हणजे कप्पे २६ आणि वस्तू ५१. आकडे तर झकास दिसतात. आता हमी विचारा. ३ च्या कप्प्यातून ६ आणि ९ उचला. ६ नं ९ ला भाग जात नाही. हमी तुटली, आता मोजणीकडे बघायचीही गरज नाही. (शिवाय १२ ही संख्या २ च्या कप्प्यात टाकायची की ३ च्या, हेही ठरलेलं नाही. ते पुढच्या पायरीत बघू.)

बरोबर कप्पे असे पडतात. प्रत्येक संख्येतून २ हा अवयव जितक्या वेळा निघेल तितक्या वेळा काढा. शेवटी एक विषम संख्या उरते. ४८ मधून २ चार वेळा निघतो आणि ३ उरतो. ५६ मधून तीन वेळा निघतो आणि ७ उरतो. ३७ मधून काहीच निघत नाही, तो तसाच राहतो. ही उरलेली विषम संख्या म्हणजे कप्प्याचं नाव. १ ते १०० मध्ये विषम संख्या ५०, म्हणून कप्पे ५०. '३' नावाच्या कप्प्यात ३, ६, १२, २४, ४८, ९६ अशी रांग येते. हिच्यातल्या मुद्दाम मधल्याच दोन उचला, समजा १२ आणि ४८. १२ नं ४८ ला भाग जातो. कोणत्याही दोन घेतल्या तरी मोठी संख्या म्हणजे लहान संख्या गुणिले २ ची कोणती तरी घात, म्हणून भाग जाणारच. हमी पक्की आहे.

हमी तपासताना पहिल्या दोन वस्तूंवर थांबू नका. कप्प्यातल्या एकमेकींपासून सगळ्यांत दूरच्या, सगळ्यांत अडचणीच्या दोन वस्तू शोधा. पाढ्यांच्या कप्प्यात ३ आणि ६ घेतल्या असत्या तर सगळं सुरळीत वाटलं असतं.

हमी कधी कधी उलट्या दिशेनंही तोंड फिरवते. विधान असं घ्या: ५१ मध्ये दोन सहमूळ संख्या सापडतातच, म्हणजे ज्यांचा १ सोडून सामाईक विभाजक नाही अशा. इथे कोणी प्रत्येक संख्येला तिच्या सर्वांत लहान मूळ अवयवाच्या कप्प्यात टाकलं, तर एका कप्प्यातल्या दोन संख्यांना तो मूळ अवयव सामाईक असणार. म्हणजे त्या नक्कीच सहमूळ *नसणार*! इतक्या मेहनतीनं आपण नेमकं नको ते सिद्ध केलं. योग्य कप्पे फार साधे आहेत: (१, २), (३, ४), (५, ६) … (९९, १००). लागोपाठच्या दोन संख्यांचा सामाईक विभाजक १ च असतो, कारण तो त्यांच्या फरकालाही भागतो आणि फरक १ आहे. हंगेरीचे गणितज्ञ पॉल एर्डोश यांनी हाच प्रश्न १ ते २न या रूपात लायोश पोशा या शाळकरी मुलाला जेवणाच्या टेबलावर घातला होता. सूप संपता संपता पोशानं उत्तर दिलं: शेजारच्या दोन संख्या.

आणखी एक शंका नेहमी येते. '३ आणि ९ वेगळ्या कप्प्यांत आहेत, तरी ३ नं ९ ला भाग जातोच की! मग कप्पे चुकले का?' नाही चुकले. हमी एकाच बाजूची असते. एका कप्प्यात असल्या तर भाग जायलाच हवा. वेगळ्या कप्प्यांत असताना भाग गेला तर जाऊ दे, आपलं काही बिघडत नाही. ही उलटी अट कोणी सिद्धतेत मागत असेल, तर त्याला ती सोडायला सांगा.

पायरी ३. प्रत्येक वस्तूला जागा आहे का, आणि किती ठिकाणी?

आता 'नियम' या ओळीकडे या. तक्त्यावरच्या पाच-सहा संख्या घ्या आणि त्या कुठे जातात ते लिहा. सोप्या घेऊ नका. १, १००, मधल्या ५० आणि ५१, एखादी मूळ संख्या, आणि ६४ सारखी २ ची घात, अशा कडेच्या घ्या. विषम अवयवाच्या कप्प्यांत ६४ हा '१' नावाच्या कप्प्यात जातो. अनेकांच्या वहीत हा कप्पाच नसतो, कारण त्यांनी विषम संख्या ३ पासून मोजलेल्या असतात.

दोन गोष्टी बघायच्या. एखादी वस्तू बेघर राहिली, तर सिद्धता पडली. एखादी वस्तू दोन कप्प्यांत बसत असेल, तर मात्र लगेच पडली असं नाही. एकाच कप्प्यात टाकायची असं ठरवून टाकलं की झालं, बशर्ते हमी दोन्ही कप्प्यांत टिकते. धोका तेव्हा असतो, जेव्हा तीच वस्तू दोनदा मोजली जाते. १२ ला २ च्या कप्प्यातही धरलं आणि ३ च्याही, तर वस्तूंची संख्या फुगते आणि '५१ पेक्षा जास्त वस्तू' दिसायला लागतात. खऱ्या वस्तू ५१ च आहेत.

भूमितीत ही पायरी जास्त सतावते. २ सेंमी बाजूच्या चौरसात ५ बिंदू कुठेही घेतले, तर त्यांतल्या दोन बिंदूंमधलं अंतर जास्तीत जास्त √२ सेंमी असतं. वस्तू म्हणजे ५ बिंदू. कप्पे म्हणजे १ सेंमी बाजूचे ४ छोटे चौरस. एका छोट्या चौरसातल्या कोणत्याही दोन बिंदूंमधलं अंतर त्याच्या कर्णापेक्षा, म्हणजे √२ पेक्षा जास्त होत नाही. छान. पण मधल्या रेषेवरचा बिंदू कोणत्या चौरसात? इथे उत्तरात एक वाक्य हवंच: 'कड धरून चौरस घेतले आहेत, बिंदू सामाईक कडेवर असेल तर त्या चौरसांपैकी कोणत्याही एकात मोजू.' एवढ्यानं भागतं. हे वाक्य नसेल तर परीक्षक गुण कापतो, आणि योग्यच करतो.

याच प्रश्नात विधान 'अंतर √२ पेक्षा कमी' असं असतं, तर? चार कोपरे आणि मध्यबिंदू घ्या. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत बरोबर √२ आणि शेजारच्या कोपऱ्यांमध्ये २. √२ पेक्षा कमी अंतर कुठेच नाही, म्हणून ते विधानच खोटं आहे. कड कप्प्यात धरली आहे की नाही, यावर 'पेक्षा कमी' आणि 'जास्तीत जास्त' यांचा निकाल लागतो. म्हणून ते शब्द अधोरेखित करायला सांगितले.

पायरी ४. आता मोजा, आणि रिकामा राहणारा कप्पा शोधा

मोजणीत साधी चूक म्हणजे एकानं कमी-जास्त होणं. १० पासून ९९ पर्यंत ८९ संख्या नसतात, ९० असतात. अशा चुका पहिला आणि शेवटचा कप्पा हातानं लिहून काढला की सापडतात, त्यावर जास्त बोलत नाही.

खरी गंमत वस्तू आणि कप्पे सारखेच निघतात तेव्हा असते. हा प्रश्न बघा: २० माणसं जमली आहेत. त्यांच्यात अशी दोन माणसं असतातच, की ज्यांच्या इथल्या ओळखींची संख्या सारखी आहे. वस्तू म्हणजे माणसं, २०. कप्पे म्हणजे ओळखींची संख्या: ० पासून १९ पर्यंत. हेही २०. २० वस्तू, २० कप्पे, तत्त्व लागू होत नाही.

काही मुलं इथे ० हा कप्पा हळूच गाळतात, 'कोणाची तरी ओळख असतेच' असं म्हणून. विधानात तसं कुठे म्हटलंय? जमलेल्यांत एखादा अगदी अनोळखी असू शकतो. बरोबर युक्तिवाद असा आहे: ० आणि १९ हे दोन कप्पे एकाच वेळी भरू शकत नाहीत. कोणी सगळ्या १९ जणांना ओळखत असेल, तर कोणाचीही ओळख नसलेला माणूस तिथे असूच शकत नाही. म्हणजे कोणत्याही परिस्थितीत वापरात येणारे कप्पे जास्तीत जास्त १९. आता २० वस्तू, १९ कप्पे. कोणता कप्पा रिकामा राहील ते आधी सांगता येत नाही, पण एक तरी राहणार हे नक्की, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

थांबा, अजून एक खाच आहे. 'क ख ला ओळखतो म्हणजे ख ही क ला ओळखतो' हे आपण गृहीत धरलं. ओळख एकतर्फी चालत असेल, तर विधान कोसळतं. २० जणांना रांगेत उभं करा आणि प्रत्येक जण फक्त आपल्या पुढच्यांना ओळखतो असं समजा. ओळखींची संख्या ०, १, २ … १९ अशी होते. सगळ्या वेगळ्या! म्हणून कप्पा काढून टाकणारं वाक्य दिसलं की विचारा: हा कप्पा रिकामा राहतो याचं *कारण* काय, आणि ते विधानातून येतं की लिहिणाऱ्याच्या मनातून?

पायरी ५. वस्तूच चुकीच्या निवडल्या असतील तर

आतापर्यंत वस्तू प्रश्नात आयत्या मिळत होत्या. नेहमी तसं नसतं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा पहिलाच प्रश्न घ्या: दहा वेगवेगळ्या दोन अंकी संख्या दिल्या आहेत. त्यांतून सामाईक सदस्य नसलेले असे दोन उपसंच निवडता येतात, की ज्यांची बेरीज समान आहे, हे दाखवा.

प्रश्नात 'दहा संख्या' दिसतात, म्हणून हात आपोआप त्यांनाच वस्तू करतो. कप्पे म्हणून दोन अंकी संख्यांच्या ९० किमती घेतल्या, तर १० वस्तू आणि ९० कप्पे, हाती काही लागत नाही. मग कोणी संख्यांच्या जोड्या घेतं. दहातून जोड्या ४५, आणि जोडीची बेरीज २१ पासून १९७ पर्यंत. तरीही तोकडंच.

कप्प्यात दोन वस्तू आल्या की हमी *त्या दोन वस्तूंबद्दल* बोलते. आपल्याला निष्कर्ष हवा आहे दोन उपसंचांबद्दल. म्हणून वस्तू उपसंचच हवेत. तपासायची युक्ती हीच: निष्कर्षात 'अशा दोन …' च्या पुढे काय लिहिलंय ते बघा, बहुधा तीच वस्तू असते.

दहा संख्यांचे रिक्त नसलेले उपसंच १०२३. बेरीज कमीत कमी १०, आणि जास्तीत जास्त ९० पासून ९९ पर्यंतच्या सगळ्यांची, म्हणजे ९४५. कप्पे १० ते ९४५, एकूण ९३६. १०२३ वस्तू, ९३६ कप्पे. दोन वेगळ्या उपसंचांची बेरीज सारखी निघाली.

सिद्धता इथे संपली असं वाटतं, पण हमीची ओळ पुन्हा वाचा. कप्प्यानं दिलं ते 'दोन वेगळे उपसंच, समान बेरीज'. प्रश्नाला हवं आहे 'सामाईक सदस्य नसलेले'. यात अंतर आहे आणि ते भरावं लागतं. दोन्हींत असलेल्या संख्या दोन्हींतून काढून टाका. दोन्ही बेरजा सारख्याच रकमेनं कमी होतात, म्हणून समानच राहतात. आणि एखादा उपसंच रिकामा तर नाही ना होत? एक रिकामा झाला, तर तो आधी दुसऱ्याच्या पूर्णपणे आत होता असा अर्थ. उपसंच वेगळे आहेत, तेव्हा दुसऱ्यात काहीतरी जास्तीचं होतं, आणि संख्या धन असल्यामुळे त्याची बेरीज मोठी असायला हवी होती. पण बेरजा समान होत्या. म्हणून रिकामा कोणीच होत नाही. माझ्या मते या उत्तरातला निम्मा जीव या चार वाक्यांत आहे, आणि बहुतेक मुलं नेमकी हीच गाळतात.

पायरी ६. सिद्धता मोडायचा प्रामाणिक प्रयत्न करा

सगळं बरोबर वाटत असेल तेव्हा वस्तूंची संख्या एकानं कमी करा, आणि कोणत्याही कप्प्यात दोन येणार नाहीत अशा वस्तू निवडून बघा. भाग जाण्याच्या प्रश्नात ५० संख्या अशा आहेत: ५१, ५२, ५३ … १००. यांतल्या कोणत्याही संख्येची दुप्पट १०० च्या पुढे जाते, म्हणून एकीनं दुसरीला भाग जात नाही. कप्प्यांतून बघितलं तर प्रत्येक कप्प्यातून बरोबर एक आली आहे: '१' मधून ६४, '३' मधून ९६, '५' मधून ८०. सहमूळच्या प्रश्नात ५० सम संख्या घ्या. बेरीज १०१ च्या प्रश्नात १ ते ५० घ्या. तिन्ही ठिकाणी ५१ हा आकडा एकानंही खाली आणता येत नाही, आणि कप्प्यांची रचना चपखल आहे हे कळतं.

हीच युक्ती खोट्या सिद्धतेवर चालवली की ती कशी उघडी पडते, ते बघा. दावा असा: ५१ संख्यांमध्ये १२ चा फरक असलेल्या दोन सापडतातच. सिद्धता अशी: '१२ नं भागल्यावर उरणारी बाकी हा कप्पा. कप्पे १२, वस्तू ५१. एका कप्प्यात दोन संख्या येतात, त्यांचा फरक १२. सिद्ध झालं.' गोषवारा लिहिला तर हमीच्या ओळीत अडकायला होतं. सारखी बाकी म्हणजे फरक १२ च्या *पटीत*. तो २४ असेल, ३६ असेल. ५ आणि २९ एका कप्प्यात आहेत, फरक २४. हमी कमकुवत आहे.

तरीही मूळ दावा खरा असू शकतो, सिद्धता तेवढी चुकली असेल. म्हणून तक्ता घ्या आणि मोडायला बसा. १ ते १२ वर खूण करा. पुढच्या बारा, १३ ते २४, सोडा, कारण त्यांतली प्रत्येक संख्या आधीच्या एखादीपेक्षा १२ नं मोठी आहे. मग २५ ते ३६ घ्या, ३७ ते ४८ सोडा, ४९ ते ६० घ्या, ६१ ते ७२ सोडा, ७३ ते ८४ घ्या, ८५ ते ९६ सोडा, आणि उरलेल्या ९७ ते १०० घ्या. मोजा: चार वेळा १२ म्हणजे ४८, अधिक ४, एकूण ५२. यांत १२ चा फरक असलेली एकही जोडी नाही. दावाच खोटा.

खरा आकडा किती? आता सोडलेल्या आणि घेतलेल्या संख्यांच्या जोड्या लावा: (१, १३), (२, १४) … (१२, २४), मग (२५, ३७) पासून, असं ९६ पर्यंत. या ४८ जोड्या, आणि ९७, ९८, ९९, १०० हे चार एकटे कप्पे. एकूण ५२. म्हणजे ५३ संख्या घेतल्या तर १२ चा फरक सापडतोच. १२ च्या जागी १० ठेवून हीच जुळणी करा: वीस-वीसच्या ठोकळ्यांत १०० बरोबर बसतात, एकटा कप्पा उरत नाही, कप्पे ५० होतात आणि ५१ पुरतात. ११ ठेवून स्वतः करून बघा. उत्तर ५६ यायला हवं.

पायरी ७. मोजणी कमी पडली, तर निकाल देऊ नका

शेवटची खबरदारी तपासणाऱ्यासाठी. कप्पे जास्त आणि वस्तू कमी निघाल्या, तर तत्त्व फक्त गप्प बसतं. विधान खोटं आहे असं ते म्हणत नाही. एखाद्या वहीत 'वस्तू कमी आहेत, म्हणून अशा दोन नसतात' असं लिहिलेलं दिसलं, तर तिथे लाल रेघ मारा.

१९७२ चाच प्रश्न कमी संख्यांवर नेऊन बघा. दहाऐवजी नऊ दोन अंकी संख्या घेतल्या, तर रिक्त नसलेले उपसंच ५११, आणि बेरजा १० पासून ८५५ पर्यंत, म्हणजे ८४६ कप्पे. या मोजणीतून नऊबद्दल होही निघत नाही आणि नाहीही निघत नाही. 'नाही' म्हणायचं तर उदाहरण हातात हवं. आठ संख्यांसाठी असं उदाहरण आहे: ४०, ६०, ७१, ७७, ८०, ८२, ८३, ८४. या आठांच्या कोणत्याही दोन वेगळ्या उपसंचांची बेरीज सारखी येत नाही. म्हणून आठला विधान खोटं आहे असं आपण या संख्यांकडे बोट दाखवून म्हणू शकतो. ती यादी समोर नसती, तर २५५ उपसंच आणि ७५५ कप्पे एवढ्याच्या जोरावर तसं म्हणता आलं नसतं.